शार्पमध्ये एक योजना पुढे, ट्रेनॉरमध्ये दुसरी: मग पैसे हलवावेत का?

वाचकाचे पत्र

मी चिंचोली एमआयडीसीतल्या औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब विभागात आहे. वय ४६. माझे १८ लाख रुपये म्युच्युअल फंडाच्या एका फ्लेक्सी कॅप योजनेत आहेत. नवी पेठेतले माझे वितरक म्हणतात, शार्प गुणोत्तर चांगले आहे, हलू नका. माझे साडूही हेच काम करतात. त्यांनी कागदावर दाखवून दिले की एका फार्मा योजनेचे ट्रेनॉर गुणोत्तर माझ्या योजनेच्या जवळजवळ पावणेदोनपट आहे, तेव्हा सगळी रक्कम तिकडे वळवा. दोघांचे कागद सोबत जोडले आहेत. दोघेही खोटे बोलत असतील असे वाटत नाही. मग कोणाचे ऐकू?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

नमस्कार. आपण पाठवलेल्या दोन्ही कागदांवरचे गणित मी पुन्हा करून पाहिले. दोन्हींत बेरीज-भागाकाराची चूक नाही, आणि दोघांनी वापरलेले मूळ आकडेही एकच आहेत. तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून आपल्या फ्लेक्सी कॅप योजनेचा सरासरी वार्षिक परतावा १३.५ टक्के, प्रमाण विचलन १४ टक्के आणि बीटा ०.९५ येतो. फार्मा योजनेचा परतावा १५.५ टक्के, प्रमाण विचलन २० टक्के आणि बीटा ०.७० आहे. तुलनेसाठी घेतलेल्या व्यापक बाजार निर्देशांकाचा परतावा १२.५ टक्के आणि प्रमाण विचलन १४ टक्के आहे, तर जोखीममुक्त दर दोघांनीही ६.५ टक्के धरला आहे.

पहिली पायरी दोन्ही मोजमापांत सारखीच असते. योजनेच्या परताव्यातून जोखीममुक्त दर वजा करायचा, म्हणजे जोखीम घेतल्याबद्दल मिळालेला अधिकचा परतावा उरतो. आपल्या योजनेसाठी तो ७ टक्के, फार्मा योजनेसाठी ९ टक्के आणि बाजारासाठी ६ टक्के आहे. वितरकांनी या आकड्याला प्रमाण विचलनाने भागले, म्हणून आपल्या योजनेचे शार्प गुणोत्तर ०.५०, फार्माचे ०.४५ आणि बाजाराचे ०.४३ आले. साडूंनी त्याच आकड्याला बीटाने भागले, म्हणून ट्रेनॉर गुणोत्तर अनुक्रमे ७.३७, १२.८६ आणि ६.०० आले. क्रम उलटला तो केवळ भाजकामुळे.

प्रमाण विचलन योजनेची सगळी हालचाल मोजते, मग ती कोणत्याही कारणाने झालेली असो. बीटा त्या हालचालीतला फक्त बाजाराबरोबर होणारा भाग मोजतो. फार्मा योजनेचे विचलन २० टक्के म्हणजे तिचे प्रसरण, अर्थात विचलनाचा वर्ग, ४००. त्यातला बाजारामुळे येणारा भाग काढण्यासाठी बीटा ०.७० ला बाजाराच्या १४ टक्के विचलनाने गुणायचे आणि वर्ग करायचा. तो सुमारे ९६ भरतो. याचा अर्थ या योजनेच्या चढउतारांपैकी जेमतेम २४ टक्के भाग बाजाराशी जोडलेला आहे आणि ७६ टक्के भाग फार्मा क्षेत्राचा स्वतःचा आहे. या २४ टक्क्यांनाच आर-स्क्वेअर्ड म्हणतात. आपल्या फ्लेक्सी कॅप योजनेत हाच आकडा ९० टक्के आहे. ट्रेनॉर गुणोत्तर त्या ७६ टक्क्यांकडे पाहतच नाही. अमेरिकेच्या एफडीएची तपासणी, तिथल्या जेनेरिक औषधांच्या घसरत्या किमती, चीनमधून येणाऱ्या कच्च्या मालाचे दर, रुपया-डॉलरचा भाव, हे सगळे त्या भागात बसते, आणि आपल्या कारखान्यात हे विषय रोजच्या बोलण्यातले असणार.

त्यामुळे दोन गुणोत्तरांचे नाते सोपे आहे. कोणत्याही योजनेच्या शार्प गुणोत्तराला बाजाराच्या विचलनाने गुणून, योजना आणि बाजार यांच्यातल्या सहसंबंधाने भागले की ट्रेनॉर मिळते. फार्मा योजनेचा बाजाराशी सहसंबंध ०.४९ आहे, ०.४५ गुणिले १४ भागिले ०.४९ केले की बरोबर १२.८६ येतात. ज्या योजनेचा बाजाराशी संबंध जितका सैल, तितके तिचे ट्रेनॉर फुगते. साडूंच्या कागदावर दिसणारी पावणेदोनपट ही प्रामुख्याने या सैलपणाची खूण आहे. फंड व्यवस्थापकाचे कौशल्य किती, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून ट्रेनॉर निरुपयोगी ठरते असे मात्र समजू नये. जॅक ट्रेनॉर यांनी हे मोजमाप १९६५ मध्ये मांडले आणि विल्यम शार्प यांनी आपले गुणोत्तर १९६६ मध्ये ३४ अमेरिकी म्युच्युअल फंडांना लावून दाखवले. दोघांच्या डोळ्यांपुढचा गुंतवणूकदार वेगळा होता, असे मानले की गोंधळ उरत नाही. ज्याची सगळी पुंजी एकाच योजनेत आहे त्याला त्या योजनेचा प्रत्येक धक्का सोसावा लागतो, म्हणून त्याने एकूण जोखीम पाहावी. ज्याच्याकडे आधीच चांगला पसरलेला मोठा संच आहे आणि जो त्यात एक लहान तुकडा जोडतो आहे, त्याच्या बाबतीत त्या तुकड्याचे स्वतःचे धक्के इतर गुंतवणुकींच्या धक्क्यांत बऱ्याच अंशी विरून जातात. त्याच्या वाट्याला मुख्यतः बाजाराची जोखीम येते, आणि तेव्हा बीटा हाच योग्य भाजक ठरतो.

आता हे आपल्या १८ लाखांना लावून पाहू. सगळी रक्कम फार्मा योजनेत नेली तर तीच आपली एकमेव योजना होईल आणि आपले शार्प गुणोत्तर ०.५० वरून ०.४५ वर येईल. इथे ट्रेनॉरचा आकडा पाहण्याचे काहीच कारण नाही, कारण ज्या संचात क्षेत्राचे धक्के विरतील असा संचच उरलेला नसेल. पण ८० टक्के रक्कम फ्लेक्सी कॅपमध्ये ठेवून २० टक्के फार्मात घातली तर? दोन्ही योजना केवळ बाजाराच्या मार्फत एकमेकींशी जोडलेल्या आहेत असे धरले, तर संचाचा परतावा १३.९ टक्के आणि विचलन सुमारे १३.५ टक्के येते. म्हणजे विचलन आपल्या सध्याच्या १४ टक्क्यांपेक्षाही थोडे कमी. संचाचे शार्प गुणोत्तर ०.५५ होते. स्वतःचे शार्प कमी असलेली योजना जोडल्यावर संचाचे शार्प वाढले, आणि हाच ट्रेनॉरचा मुद्दा आहे. अर्धे-अर्धे केले तरी गुणोत्तर जवळपास ०.५५ च राहते. मात्र २० टक्के फ्लेक्सी कॅप आणि ८० टक्के फार्मा केले की ते ०.४९ वर उतरते, म्हणजे आज आहे त्याच्याही खाली. ट्रेनॉर गुणोत्तर फक्त कोणता तुकडा जोडण्यासारखा आहे ते सांगते. किती मोठा जोडावा हे ते सांगत नाही, आणि साडूंचा सल्ला नेमका तिथे घसरला आहे.

इथवरच्या गणितात एक गृहीतक मी मुद्दाम सौम्य ठेवले आहे. बहुतेक फ्लेक्सी कॅप योजनांत काही औषध कंपन्यांचे समभाग आधीपासूनच असतात, त्यामुळे दोन योजनांची जोड बाजारापलीकडेही थोडी असते आणि विचलनातली घट वर दाखवली त्यापेक्षा कमी निघते. आपल्या योजनेची मासिक यादी पाहून त्यातला फार्माचा वाटा आपण स्वतः काढू शकाल.

आपल्या बाबतीत याहून मोठी गोष्ट पगाराची आहे. आपले मासिक उत्पन्न ज्या उद्योगातून येते त्याच उद्योगाची ही योजना आहे. एखाद्या मोठ्या औषध कंपनीच्या कारखान्यावर अमेरिकेने निर्बंध घातले, तर योजनेची एनएव्ही उतरू शकते, आणि त्याच तिमाहीत आपल्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद होणे, वेतनवाढ लांबणे किंवा त्याहून वाईट काही घडण्याची शक्यताही वाढेल. बीटा ०.७० म्हणजे योजना बाजारापासून सुटी आहे इतकेच; ती आपल्या नोकरीपासून सुटी नाही. वयाची अजून १२ ते १४ वर्षे नोकरीत जाणार असतील, तर पुढच्या पगारांचा हा साठा १८ लाखांपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि तो आधीच पूर्णपणे फार्मात गुंतलेला आहे. एखाद्या शिक्षकाने किंवा बँक कर्मचाऱ्याने हेच पत्र पाठवले असते तर माझे उत्तर वेगळे असते.

दुसरी शंका बीटाच्या आकड्याबद्दल आहे. साडूंचा ०.७० हा बीटा व्यापक बाजार निर्देशांकाशी काढलेला आहे. फार्मा योजनेच्या फॅक्टशीटमध्ये आपण बीटा पाहिलात तर तो बहुधा वेगळा आणि १ च्या बराच जवळ दिसेल, कारण क्षेत्रीय योजनेचा बेंचमार्क सहसा त्या क्षेत्राचाच निर्देशांक असतो आणि फॅक्टशीटमधला बीटा योजनेच्या स्वतःच्या बेंचमार्कशी मोजलेला असतो. समजा तो ०.९५ निघाला, तर ९ टक्के भागिले ०.९५ म्हणजे ट्रेनॉर ९.४७. योजना तीच आणि परतावा तोच असूनही आकडा १२.८६ वरून इथे येतो. दोन फॅक्टशीटमधले दोन बीटा उचलून दोन योजनांची ट्रेनॉर गुणोत्तरे शेजारी मांडणे ही सर्रास होणारी चूक आहे. तुलना करायची तर दोन्ही बीटा एकाच निर्देशांकाशी, एकाच कालावधीत काढलेले हवेत. साडूंनी हे पथ्य पाळले आहे. शार्प गुणोत्तरात बेंचमार्क येतच नसल्याने ही अडचण तिथे उद्भवत नाही.

एकाच निर्देशांकाशी काढला तरी ०.७० हा आकडा किती भक्कम आहे? जितके आर-स्क्वेअर्ड कमी, तितका बीटाचा अंदाज डळमळीत असतो. फक्त ३६ महिन्यांच्या आकड्यांवरून फार्मा योजनेच्या बीटाची प्रमाण त्रुटी, अर्थात अंदाज साधारण किती चुकू शकतो याचे माप, सुमारे ०.२१ येते, म्हणजे खरा बीटा ०.३ ते १.१ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. आपल्या फ्लेक्सी कॅपची तीच त्रुटी जेमतेम ०.०५ आहे. बीटा १.१ धरला तर ट्रेनॉर ८ च्या आसपास येते आणि ०.३ धरला तर ३० वर जाते. लहान आणि अनिश्चित संख्येने भागल्यावर दुसरे काय होणार? सोन्याच्या योजनेचे ट्रेनॉर काढून पाहिलेत तर हे आणखी उघड दिसेल. तिचा समभागांच्या बाजाराशी बीटा शून्याजवळ असतो, त्यामुळे भागाकार कधी प्रचंड तर कधी उणे येतो आणि त्याला काही अर्थ उरत नाही.

वितरकांनाही मी पूर्ण गुण देत नाही. तीन वर्षांच्या माहितीवरून काढलेल्या वार्षिक शार्प गुणोत्तराची प्रमाण त्रुटी ढोबळमानाने ०.६ असते. ०.५० आणि ०.४५ यांतला ०.०५ चा फरक त्यापुढे नगण्य आहे, आणि तेवढ्यावरून एक योजना सरस ठरवणे हे आकड्यांकडून अवास्तव अपेक्षा करणे झाले. त्यांचा सल्ला मला मान्य आहे, पण त्याचे कारण हे गुणोत्तर नाही.

आपण हिशेब विभागात आहात, म्हणून हे सारे आपल्याच संगणकावर पडताळून पाहावे असे सुचवतो. अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावरून दोन्ही योजनांच्या ३७ महिनाअखेरच्या एनएव्ही घ्याव्यात. पर्याय दोन्हीकडे ‘ग्रोथ’ असावा, आणि एक डायरेक्ट व दुसरी रेग्युलर असे होऊ देऊ नये. निर्देशांक लाभांशासह असलेला, म्हणजे टीआरआय प्रकारचा घ्यावा. त्यावरून ३६ मासिक परतावे काढून प्रत्येकातून त्या महिन्याचा जोखीममुक्त दर वजा करावा. निर्देशांकाचे आकडे B स्तंभात आणि योजनेचे C स्तंभात ठेवल्यास पुढची सूत्रे पुरतील. पहिले शार्प, दुसरे ट्रेनॉर, तिसरे आर-स्क्वेअर्ड आणि चौथे बीटाची प्रमाण त्रुटी देते.

```
=AVERAGE(C2:C37)/STDEV.S(C2:C37)*SQRT(12)
=AVERAGE(C2:C37)*12/SLOPE(C2:C37,B2:B37)
=RSQ(C2:C37,B2:B37)
=STEYX(C2:C37,B2:B37)/SQRT(DEVSQ(B2:B37))
```

पहिल्या सूत्रातला बाराचा वर्गमूळ विसरला तर आपल्या योजनेचे शार्प ०.५० ऐवजी ०.१४ दिसेल. कुठल्याही पोर्टलवर फारच लहान आकडा दिसला तर तो मासिक आहे का हे आधी तपासावे. SLOPE मध्ये योजनेचे आकडे आधी आणि निर्देशांकाचे नंतर येतात; उलटे केले तर बीटाऐवजी भलतीच संख्या मिळते, आणि ती पाहून शंका येईलच असे नाही. शिवाय बाजार पडलेल्या कालावधीत अधिकचा परतावा उणे असला, तर दोन्ही गुणोत्तरांचा क्रम फसवा होतो. तेवढाच तोटा करून जास्त हेलकावे खाणारी योजना शार्पमध्ये वर दिसते, कारण उणे संख्येला मोठ्या संख्येने भागले की ती शून्याच्या जवळ सरकते. अशा वेळी गुणोत्तर बाजूला ठेवून परतावा आणि विचलन वेगवेगळे पाहावेत.

आता निर्णयाचे बोलू. ८०-२० मध्ये जो ०.५५ चा लाभ दिसला तो एका गोष्टीवर टिकून आहे: फार्मा योजनेने तिच्या बीटाला साजेशा परताव्याहून वर्षाला ४.८ टक्के जास्त दिले, आणि ते पुढेही मिळत राहील असे आपण धरले. बाजाराचा अधिकचा परतावा ६ टक्के आणि बीटा ०.७०, म्हणजे अपेक्षित अधिकचा परतावा ४.२ टक्के, मिळाला ९ टक्के, फरक ४.८. पण तीन वर्षांच्या माहितीत या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १० टक्के आहे. हा जादा परतावा पुढे शून्यावर आला आणि बाकी सारे तसेच राहिले, तर त्याच ८०-२० संचाचे शार्प ०.४८ होते, म्हणजे काहीच न करता मिळणाऱ्या ०.५० हूनही कमी. क्षेत्रीय योजना लोकांच्या नजरेत भरतात त्या चांगली दोन-तीन वर्षे गेल्यावरच, त्यामुळे मला स्वतःला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अधिक संभवनीय वाटतो.

त्यातून पैसे हलवण्याचा खर्च ठरलेला आहे. समभाग योजनेची विक्री एक वर्षानंतर केली तर एका आर्थिक वर्षातल्या १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि त्यावर ४ टक्के उपकर. आपल्या १८ लाखांत समजा ७ लाख नफा असेल आणि तो एकाच वर्षात बाहेर काढला, तर ५.७५ लाखांवर कर ७१,८७५ रुपये आणि उपकरासह ७४,७५० रुपये होतो. हे १८ लाखांच्या ४ टक्क्यांहून थोडे अधिक आहेत. ज्या ४.८ टक्क्यांच्या आशेने आपण हलणार, त्यातले जवळपास एक वर्ष पहिल्याच दिवशी गेले, आणि तो कर मात्र आशेवर अवलंबून नाही.

तेव्हा १८ लाख आहेत तिथेच ठेवावेत. साडूंचा मान राखायचा असेल तर जुनी रक्कम न हलवता, पुढच्या मासिक एसआयपीचा दहावा भाग एखाद्या क्षेत्रीय योजनेत वळवण्यास माझी हरकत नाही. पण ती योजना फार्माची नसावी. त्यांनी दुसरी कोणती सुचवली, तर तिचे आर-स्क्वेअर्ड किती आणि बीटा कोणत्या निर्देशांकाशी काढला, हे दोन आकडे ट्रेनॉरच्या आधी त्यांच्याकडून लिहून घ्यावेत.